लिफ्टमध्ये वजनकाटा ठेवला, खाली पोचताना वजन वाढलं! हे कसं काय?

मुलुंडकर_१४वा_मजला
मंडळी, घरात भांडण लागलंय म्हणून इथे टाकतोय. मुलगा अकरावीला आहे, क्लासच्या नोट्समध्ये लिहिलंय की लिफ्ट वर जाताना वजन जास्त दिसतं आणि खाली येताना कमी. मी म्हटलं चल बघूया. घरात जुना गोल डायलचा स्प्रिंगवाला वजनकाटा आहे, तो लिफ्टमध्ये ठेवला, मुलगा त्यावर उभा, मी खाली वाकून मोबाईलवर काट्याचा व्हिडिओ काढला. मुलाचं खरं वजन ५८.

वर जाताना: सुटली तेव्हा काटा ६२ च्या आसपास, साधारण दोन सेकंद. मग परत ५८ आणि मधले सगळे मजले ५८ च. चौदावा आला तशी ५४.
खाली येताना: सुटली तेव्हा ५४, मध्ये ५८, आणि ग्राउंडला थांबताना ६२!!

म्हणजे खाली येतोय आणि वजन वाढलंय. मुलगा म्हणतो काटा बिघडलाय, बायको म्हणते तुम्ही दोघं बिघडलायत, दूधवाला दहा मिनिटं लिफ्टची वाट बघत होता. कोणी नीट सांगेल का?

पार्लेकर७२
यात भांडण कसलं, साधी गोष्ट आहे. वर जाताना लिफ्ट तुम्हाला ढकलते म्हणून जास्त, खाली जाताना पायाखालची जमीन सरकते म्हणून कमी. नोट्स बरोबर आहेत. थांबताना जे ६२ आलं तो ब्रेकचा झटका आहे, तो मोजायचा नाही.

मुलुंडकर_१४वा_मजला
@पार्लेकर७२ काका, झटका असता तर काटा एकदा उडून खाली आला असता ना? व्हिडिओत चांगले दोन सेकंद ६२ ला आहे. आणि वर जाताना मधल्या सगळ्या मजल्यांना ५८ का मग? तेव्हाही वरच जात होतो की.

फिजिक्सवाली_दादर
मुलाला सांगा काटा शंभर टक्के बरोबर आहे, नोट्समधलं वाक्य अर्धवट आहे. पार्लेकर काकांचं "ढकलते म्हणून जास्त" हे चांगलं आहे, पण ते फक्त वर जायच्या वेळेला लावून थांबले.

काट्याला लिफ्ट वर चाललीय की खाली हे कळतच नाही. तो एवढंच सांगतो की तो तुमच्या तळपायाला किती जोराने वर ढकलतोय. लिफ्ट ठरलेल्या वेगाने सरळ चालली असेल, मग वर असो की खाली, तर तुमचा वेग बदलायचा नाहीये, त्यामुळे फक्त वजन पेलायला जेवढं लागतं तेवढंच ढकलणं पुरतं. म्हणून मध्ये ५८.

आता ग्राउंडला पोचतानाचं बघा. मुलगा खाली चाललाय, सव्वा-दीड मीटर दर सेकंदाला या वेगाने. त्याला थांबवायचंय. कोण थांबवणार? हवा थांबवणार नाही, लिफ्टच्या भिंती थांबवणार नाहीत, त्याच्या पायाखाली जे आहे तेच थांबवणार. म्हणजे काट्याला त्याचं वजन तर पेलायचंच आहे, वर त्याचा खाली जाण्याचा वेगही मारायचा आहे, म्हणून जास्त ढकलणार, म्हणून ६२. चौदाव्याला थांबताना उलट. तो वर चाललाय, त्याला थांबवायचं काम पृथ्वी आपणहून करतेय, काट्याने थोडं कमी ढकललं की झालं. ५४.

म्हणजे वर जायला सुटताना आणि खाली येऊन थांबताना काटा अगदी सारखाच दिसतो. मला कोणी फक्त ६२ चा फोटो दाखवला तर लिफ्ट वर चाललीय की खाली हे मी सांगू शकणार नाही. पूर्ण व्हिडिओ दाखवला तर सांगेन, आधी जड मग हलकं म्हणजे वर, आधी हलकं मग जड म्हणजे खाली.

शुगर_कंट्रोल_माधवी
हे वाचून एक विचारायचं होतं, आम्ही नुकतेच कांजूरला सव्विसाव्या मजल्यावर राहायला गेलो आणि माझं वजन जुन्या घरापेक्षा दीड किलो कमी दाखवतंय, काटा तोच. मी खूश होते पण हे उंचीमुळे असेल का? डॉक्टरांना कुठलं वजन सांगू?

फिजिक्सवाली_दादर
माधवीताई, घर स्थिर आहे, लिफ्टसारखं सुटत-थांबत नाही, त्यामुळे हे गणित तुम्हाला लागू नाही. उंचीने फरक पडतो पण किती, तर सव्विसाव्या मजल्यावर, म्हणजे साधारण ८० मीटरवर, ७० किलोच्या माणसाला जेमतेम दोन ग्रॅम. दीड किलो नाही. काट्याखालची फरशी बघा, टाइल्सच्या सांध्यावर किंवा पायपुसण्यावर ठेवला तर डिजिटल काटा काहीही दाखवतो. नाहीतर खरंच कमी झालं असेल, अभिनंदन :)

गोरेगावची_निमा
आम्हीपण केलं आत्ता! आमचा डिजिटल आहे, काचेचा. ग्राउंड ते अकरावा ५४.२ ते ५४.२, एक पॉइंट हलला नाही. त्यामुळे मला तरी हे सगळं स्प्रिंगच्या हलण्यामुळे वाटतंय, सॉरी.

फिजिक्सवाली_दादर
निमा, तुझा काटा आकडा आला की धरून ठेवतो. हे काटे बाथरूमसाठी बनवलेत, माणूस थोडा डुलतो म्हणून दोनेक सेकंद बघून आकडा स्थिर वाटला की लॉक करतात, मग तू वर उड्या मारल्यास तरी तोच राहतो. ओळखायची खूण सोपी आहे. घरातच काट्यावर उभी राहा, आकडा लॉक होऊ दे, मग हळूच एका हाताने बेसिनवर जोर दे. आकडा हलला नाही तर तो काटा या कामाचा नाही.

फोन जास्त चांगला. phyphox नावाचं फुकट अ‍ॅप आहे, त्यात प्रवेगाचा आलेख येतो. g धरून दाखवणारा पर्याय घे, फोन लिफ्टच्या जमिनीवर आडवा ठेव, हातात धरू नकोस. उभ्या दिशेचा आकडा स्थिर असताना ९.८ दिसेल. मुलुंडकरांच्या लिफ्टमध्ये तो सुटताना १०.५ च्या आसपास आणि वर थांबताना ९.१ दिसायला हवा, कारण ५८ चे ६२ होणं आणि ९.८ चे १०.५ होणं हे एकच प्रमाण आहे. फोनच्या आतही एक इवलासा वजनकाटाच आहे.

कोळीवाड्याचा_राजा
आमच्या आयचा दोन पारड्यांचा तराजू लिफ्टमधी नेला तर? वर जाताना पापलेट विकायची आणि खाली येताना विकत घ्यायची 😂

फिजिक्सवाली_दादर
@राजा धंदा होणार नाही :) तराजूत एका पारड्यात पापलेट, दुसऱ्यात वजनं, दोन्ही सारखीच जड होतात आणि सारखीच हलकी, दांडी जागची हलणार नाही. फसतो तो स्प्रिंगचा काटा. दवाखान्यात सरकत्या वजनाचा दांडीवाला काटा असतो ना, तोसुद्धा लिफ्टमध्ये खरं तेच सांगेल.

मुलुंडकर_१४वा_मजला
मॅडम जबरदस्त. मुलाला वाचून दाखवलं, आता तो विचारतोय की ६२ वरून लिफ्टचा स्पीड काढता येईल का. आमच्याकडे दार बंद झाल्यापासून ते वर दार उघडायला लागेपर्यंत ३२ सेकंद लागतात.

फिजिक्सवाली_दादर
येईल की, आणि हाच त्यातला मजेशीर भाग आहे. ५८ वर ४ किलो जास्त, म्हणजे ४ भागिले ५८ गुणिले ९.८, येतो साधारण ०.६८. दर सेकंदाला वेग एवढा वाढतोय. असं दोन सेकंद चाललं म्हणजे वेग झाला १.३५ मीटर दर सेकंदाला. आता पडताळा घ्या. चौदा मजले, मजला २.९ मीटरचा धरला तर ४१ मीटर. १.३५ ने भागा, तीस सेकंद. सुटताना आणि थांबताना वेग अर्धवट असतो त्याचे दोनेक सेकंद वाढवा. बत्तीस. तुमच्या घड्याळाशी जुळतंय.

अजून एक गोष्ट मुलाला व्हिडिओवरून करायला सांगा. सुरुवातीला जेवढे किलो जास्त आणि जेवढे सेकंद, त्याचा गुणाकार, आणि शेवटी जेवढे किलो कमी आणि जेवढे सेकंद, त्याचा गुणाकार. हा जमाखर्च नेहमी जुळला पाहिजे, कारण लिफ्ट उभी होती आणि शेवटी परत उभीच राहिली, मिळवलेला सगळा वेग परत द्यावाच लागतो. काही लिफ्ट जोरात सुटतात आणि हळूहळू थांबतात, तिथे सुरुवातीला ६४ दिसेल पण थोडाच वेळ, शेवटी ५६ पण जास्त वेळ. जुळलं नाही तर काटा वाचण्यात गडबड आहे.

पार्लेकर७२
ठीक आहे, मधल्या ५८ चं पटलं. पण मग आमच्या जुन्या बिल्डिंगमधली जाळीच्या दरवाजाची लिफ्ट सुटताना पोटात गोळा यायचा तसा आता या नव्या टॉवरमध्ये येत नाही, आणि ही तर तिप्पट वेगात जाते. तुमच्या हिशोबाने उलट व्हायला हवं.

लिफ्टवाला_भांडुप
पार्लेकर साहेब, मी सांगतो, बावीस वर्षं हेच काम करतोय, इन्स्टॉलेशन आणि मेंटेनन्स. जुन्या लिफ्टला दोन स्पीडची मोटर असायची, कॉन्टॅक्टर पडला की धाडकन पूर्ण जोर, थांबताना ब्रेक धाडकन बसणार. आता ड्राइव्ह लागतो, तो मोटरला हळूहळू उचलतो, हळूहळू सोडतो, जोर एकदम येत नाही की एकदम जात नाही. पोटातला गोळा जोर किती यापेक्षा जोर किती पटकन बदलला याचा जास्त असतो. टॉवरची लिफ्ट फास्ट असली तरी तिला वेग पकडायला जास्त सेकंद देतात. आमच्या लाईनमधे दर सेकंदाला एक मीटरच्या वर वेग सहसा वाढवत नाहीत, पब्लिक कंप्लेंट करतं. म्हणजे साठ किलोच्या माणसाला काटा सहासष्टच्या वर जायला नको, भले लिफ्ट कितीही फास्ट असू दे.

मुलुंडकर तुमच्या लिफ्टची प्लेट बघा, माझ्या अंदाजाने १.५ मीटरची असेल. १.३५ ची लिफ्ट मी तरी बघितली नाही.

मुलुंडकर_१४वा_मजला
प्लेटवर ८ माणसं ५४४ किलो एवढंच आहे, स्पीड लिहिलेला नाही.

फिजिक्सवाली_दादर
दादा म्हणतायत तसं १.५ असू शकतं. ड्राइव्ह जोर हळूहळू चढवतो म्हणजे ५८ वरून ६२ ला जाताना आणि परत येताना मधले जे अर्धे-पाऊण सेकंद आहेत, ते मुलुंडकरांनी धरलेच नसतील, डोळ्याला फक्त ६२ वर स्थिरावलेला काटा दिसतो. ते धरले की वेग थोडा वाढेल. पण मग ३२ सेकंद थोडे जास्त वाटतात.

लिफ्टवाला_भांडुप
शेवटी लेव्हलला येताना लिफ्ट सरपटते मॅडम, एक-दोन सेकंद अगदी हळू. त्यात जातात. नाहीतर मजल्याची उंची जास्त असेल, बिल्डर लोक काय सांगतात त्यावर जाऊ नका.

चेंबूर_सेक्रेटरी
मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे म्हणून विचारतो, आमचीपण ५४४ किलोची. वर सुटताना सगळ्यांचं वजन सात टक्के वाढणार असेल तर आठ माणसं भरून ५४४ ची ५८० होणार. मग ओव्हरलोडचा बझर का वाजत नाही? की आमचा सेन्सर बंद आहे? एएमसीवाला दर महिन्याला येऊन सही करून जातो फक्त.

लिफ्टवाला_भांडुप
सेक्रेटरी साहेब, ओव्हरलोड बघतात ते लिफ्ट मजल्यावर उभी असताना, दार उघडं असताना. एकदा दार लागून गाडी सुटली की तो सिग्नल लिफ्ट थांबवायला वापरत नाहीत, नाहीतर प्रत्येक वेळी सुटताना मधेच अडकली असती. आणि रोप, ब्रेक सगळं याच्या कितीतरी पट जास्तीचं धरून बनवलेलं असतं. सेन्सर चालू आहे का बघायचं असेल तर एएमसीवाल्याला सांगा टेस्ट वेट आणून समोर दाखव. सहीवर जाऊ नका.

पार्लेकर७२
आणि रोप तुटला तर काटा शून्य, बरोबर ना? एवढं तरी बरोबर असेल माझं.

लिफ्टवाला_भांडुप
शून्य होईल साहेब पण फार वेळ नाही. पहिलं म्हणजे रोप एक नसतो, चार-पाच असतात, आणि एकेक पूर्ण वजन पेलू शकतो. तरी समजा सगळे गेले, तर वेग ठरलेल्यापेक्षा थोडा वाढला की गव्हर्नर ट्रिप होतो आणि कारखालची सेफ्टी गाईड रेलला चावते. तेव्हा काटा शून्यावरून एकदम पलीकडे जाणार, टेस्टमधे आम्ही बघतो ना, चांगला दणका असतो.

फिजिक्सवाली_दादर
फास्ट लिफ्टच्या त्या सेफ्टीचा थांबवायचा जोर सरासरी g च्या पाचव्या भागापासून ते पूर्ण g पर्यंत चालतो असा नियम आहे. पूर्ण g ने थांबली तर मुलाच्या ५८ चे ११६ दिसतील. काका, तुमचं शून्य बरोबर आहे, पण दोरी तुटल्यापासून सेफ्टी धरेपर्यंतच्या अर्ध्या-पाव सेकंदापुरतं. तेवढ्यात स्प्रिंगचा काटा शून्यावर नीट पोचेल की नाही शंकाच आहे.

मुलुंडकर_१४वा_मजला
मुलाने व्हिडिओ स्लो करून बघितला आणि एक नवीन सापडलं. खाली यायला सुटताना काटा ५४ ला जायच्या आधी क्षणभर वर उडतो, ६० पर्यंत, आणि मग खाली. दरवेळी. वर जाताना सुटतानाही एक छोटी उडी आहे, मग नीट ६२ ला जातो. हे कुठल्याच नोट्समध्ये नाही.

फिजिक्सवाली_दादर
स्प्रिंगचं डोलणं असू शकतं. जोर अचानक बदलला की काटा नवीन आकड्याच्या पुढे जाऊन परत येतो आणि थोडा वेळ हलत राहतो, म्हणून टोकाचा आकडा धरायचा नाही, ज्याच्या आजूबाजूला हलतोय तो धरायचा. पण मग खाली सुटताना पहिली हालचाल खालीच व्हायला हवी होती. आधी वर का उडतोय ते मला सांगता येणार नाही, लिफ्टवाले दादा?

लिफ्टवाला_भांडुप
हे आमच्याकडचं आहे :) पलीकडे काउंटरवेट लटकलेलं असतं, त्याचं वजन रिकामी कार अधिक साधारण अर्धा लोड एवढं ठेवतात. तुमची ५४४ ची म्हणजे पलीकडे कारपेक्षा सव्वादोनशे ते पावणेतीनशे किलो जास्त. तुम्ही बापलेक दोघंच, दीडशे किलो धरू. म्हणजे काउंटरवेट भारी. लिफ्ट उभी असताना ब्रेकने धरलेली असते. ब्रेक उघडला आणि मोटरने अजून नीट पकडलं नाही तेवढ्या पाव सेकंदात काउंटरवेट खाली ओढतं आणि कार वर उचकते. वर जायचं असो की खाली, उचकणार वरच. म्हणून तुमच्या काट्याची उडी दोन्ही वेळेला वर आहे. आम्ही याला रोलबॅक म्हणतो. चांगल्या लिफ्टला कारखाली लोडसेल असतो, तो आधीच सांगतो किती वजन आहे, ड्राइव्ह तेवढा जोर लावून मग ब्रेक सोडतो, तिथे उडी दिसत नाही. तुमच्याकडे एकतर तो नाही किंवा सेटिंग गेलंय.

पार्लेकर७२
हे मात्र मला नवीन. पण खरं कशावरून?

लिफ्टवाला_भांडुप
माणसं वाढवून बघा साहेब. तीन-चार माणसांना दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या होतात, उडी गेली पाहिजे. सात-आठ भरली की कार भारी, मग उडी खाली दिसली पाहिजे, वर जाताना सुटतानासुद्धा काटा आधी कमी दाखवून मग वाढेल.

मुलुंडकर_१४वा_मजला
काल रात्री शेजारचे काका आणि वॉचमनला घेऊन चौघं गेलो. उडी दिसली नाही, म्हणजे मला तरी. मुलगा म्हणतो थोडी होती. आठ माणसांचं करायचं तर काट्यावर एकजण उभा राहिला की व्हिडिओ काढायला वाकायला जागाच उरत नाही.

फिजिक्सवाली_दादर
माणूस उभा करूच नका मग. माणसाचे गुडघे थोडं गिळतात तसंही. स्वयंपाकघरातला पाच किलोचा डायल काटा असेल तर त्यावर चार लिटर पाण्याचा कॅन ठेवा, सात टक्के म्हणजे पावणेतीनशे ग्रॅम, आरामात दिसेल. फोन समोर टेकवून ठेवा, हातात नको. आणि काट्याचं डोलणं आधी घरीच बघून घ्या, कॅन ठेवल्यावर किती वेळ हलतो ते, म्हणजे उडी कुठली आणि डोलणं कुठलं ते वेगळं काढता येईल. लोडसेल नाही की सेटिंग गेलंय हे मात्र यातून कळणार नाही.

लिफ्टवाला_भांडुप
ते मला मशीनरूममधे गेल्याशिवाय नाही सांगता येणार. आठ माणसं भराल तेव्हा कॅन मागच्या कोपऱ्यात ठेवा, दाराजवळ नको, कोणीतरी लाथ मारणार. आणि सकाळी सात ते नऊ करू नका, दूधवाल्याचा टाइम असतो.

चेंबूर_सेक्रेटरी
आमच्याकडे हा प्रयोग कोणी करायला आला तर आधी लेखी अर्ज द्यावा लागेल.